स्कोअर ०.९३, तरीही पिन दुसऱ्याच गावात : जिओकोडिंगच्या उत्तरावर विश्वास कधी ठेवावा

पत्त्यांची यादी पत्त्यावरून अक्षांश-रेखांश शोधून देणाऱ्या जिओकोडिंग सेवेकडे पाठवायची, ०.९ किंवा त्याहून अधिक कॉन्फिडन्स स्कोअर मिळालेली उत्तरे तशीच स्वीकारायची आणि उरलेली एखाद्या माणसाकडे तपासायला द्यायची, अशी व्यवस्था बहुतेक ठिकाणी असते. काही दिवस ती सुरळीत चालते. मग एखादे पार्सल भलत्याच गावात जाते, कोणीतरी तो पत्ता हाताने दुरुस्त करतो आणि पुढच्या यादीत तसाच दुसरा पत्ता निघतो. कंटाळून कटऑफ ०.९५ वर नेला, तर हाताने तपासायच्या पत्त्यांचा ढीग वाढतो, पण चुकीचे पत्ते मात्र स्वीकारलेल्या यादीत टिकूनच राहतात. या लेखात याच तक्रारीचे मूळ शोधले आहे, आणि ते कटऑफच्या आकड्यात सहसा नसते.

एकाच कटऑफने केलेल्या दोन चुका

उदाहरणासाठी गावांची नावे, पोस्टल कोड आणि स्कोअर बनावट घेतले आहेत, पण चूक नेहमीच्याच प्रकारची आहे. समजा, आपण "४८, स्टेशन रोड, उत्तरपूर, ४१२०७" हा पत्ता पाठवला आणि सेवेने दोन उत्तरे दिली. निरनिराळ्या सेवांची क्षेत्रनामे वेगवेगळी असल्यामुळे ती येथे एकसारखी करून दाखवली आहेत.

```json
[
  {"score": 0.93, "level": "rooftop", "house_number": "48",
   "street": "स्टेशन रोड", "city": "उत्तमपूर", "postcode": "41270"},
  {"score": 0.86, "level": "street", "house_number": null,
   "street": "स्टेशन रोड", "city": "उत्तरपूर", "postcode": "41207"}
]
```

पहिल्या उत्तरात घर क्रमांक जुळला आहे, रस्ता जुळला आहे, गावाच्या नावात एका अक्षराचा फरक आहे आणि पोस्टल कोडचे शेवटचे दोन अंक उलटे झाले आहेत. अक्षरांच्या हिशेबाने हे उत्तर मूळ पत्त्याच्या फारच जवळ आहे, म्हणून त्याला ०.९३ मिळाले. जमिनीवर मात्र या दोन गावांच्या अक्षांशांत ०.१६ अंशांचा फरक आहे असे धरले, तर अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असल्याने दोन्ही ठिकाणे साधारण १८ किलोमीटर दूर पडतात.

दुसऱ्या उत्तरात गाव आणि पोस्टल कोड बरोबर आहेत, पण सेवेच्या संदर्भ डेटामध्ये त्या रस्त्यावरचे ४८ क्रमांकाचे घर नोंदलेले नसल्यामुळे तिने रस्त्याचा मध्यबिंदू दिला आहे. रस्ता ८०० मीटरचा असेल, तर खरे घर या बिंदूपासून रस्त्याच्या कडेने फार तर ४०० मीटरवर असणार. दारापर्यंत पार्सल पोहोचवायला हे उत्तर अपुरे आहे, पण पत्ता कोणत्या शाखेच्या हद्दीत येतो एवढेच ठरवायचे असेल तर ते पूर्णपणे उपयोगी आहे.

०.९ चा कटऑफ यांतले पहिले उत्तर स्वीकारतो आणि दुसरे नाकारतो. तो ०.९५ वर नेला तर दोन्ही नाकारली जातात, आणि ०.८५ वर आणला तर दोन्ही पात्र ठरतात, पण क्रमाने पहिले असल्यामुळे चुकीचेच उत्तर निवडले जाते. म्हणजे बरोबर उत्तर ठेवेल आणि चुकीचे गाळेल असा आकडाच या जोडीत अस्तित्वात नाही. कटऑफ वरखाली करण्यात घालवलेला बराचसा वेळ याच कारणाने वाया जातो.

तो आकडा नेमके काय मोजतो

स्कोअर हा शब्द प्रत्येक सेवेत वेगळ्या गोष्टीसाठी वापरलेला आढळतो, म्हणून कटऑफ ठरवण्यापूर्वी आपल्या सेवेचे दस्तऐवज उघडून हे एकदा पाहून घ्यावे लागते. हिअर या सेवेच्या उत्तरातील `queryScore` हा पाठवलेला मजकूर आणि परत आलेला पत्ता किती जुळतात हे सांगतो, आणि त्याच्या जोडीला `fieldScore` मध्ये प्रत्येक घटकाचे वेगळे गुण मिळतात. एसरीच्या लोकेटरमध्ये ० ते १०० असा `Score` असतो, पण उत्तर घराचे आहे, रस्त्याचे आहे की नुसत्या पोस्टल कोडचे आहे, हे `Addr_type` या वेगळ्या क्षेत्रात लिहिलेले असते. पेलियसमध्ये `confidence` बरोबर `match_type` येतो आणि त्यावरून उत्तर तंतोतंत जुळले की वरच्या पातळीवर घसरले, ते कळते.

ओपनकेजचा `confidence` मात्र अगदीच वेगळ्या जातीचा आहे. तो उत्तराभोवतीची चौकट किती मोठी आहे एवढेच सांगतो: चौकटीचा कर्ण पाव किलोमीटरपेक्षा लहान असेल तर १० आणि २५ किलोमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर १. पत्ता बरोबर ओळखला गेला की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही; चुकीच्या गावातल्या एखाद्या घरालाही त्यात १० मिळू शकतात. नॉमिनॅटिममधील `importance` तर त्याहूनही दूरची गोष्ट आहे, कारण ते ठिकाण किती ठळक आहे याचा तो अंदाज असतो, विकिपीडियावरील दुव्यांचाही त्यात विचार होतो आणि तो प्रामुख्याने उत्तरांचा क्रम लावण्यासाठी आहे. `importance` ०.३ पेक्षा कमी असलेली उत्तरे टाकून देणारा कोड मी पाहिला आहे, आणि त्यातून शहरे तेवढी उरतात, घरे जवळजवळ सगळी गळतात.

गूगलच्या जिओकोडिंग सेवेत आकडी स्कोअर येतच नाही. तेथे `location_type` मध्ये `ROOFTOP`, `RANGE_INTERPOLATED`, `GEOMETRIC_CENTER` आणि `APPROXIMATE` यांपैकी एक मूल्य येते आणि विनंतीतला काही भाग जुळला नसेल तर `partial_match` ही खूण येते. अनेक जण `ROOFTOP` दिसले की निश्चिंत होतात. पण हे मूल्य सापडलेल्या पत्त्याचा बिंदू किती नेमका आहे हे सांगते. सापडलेला पत्ता आपण विचारलेलाच आहे, याची हमी ते देत नाही.

तेव्हा प्रत्येक उत्तराबाबत दोन वेगळे प्रश्न आहेत. सेवेने योग्य पत्ता ओळखला का, हा पहिला, आणि ओळखलेल्या पत्त्याचा बिंदू जमिनीवर किती नेमका आहे, हा दुसरा. वरच्या उदाहरणातले पहिले उत्तर नेमके असूनही ओळखीत चुकलेले आहे आणि दुसरे ओळखीत बरोबर असूनही ढोबळ आहे. एकाच आकड्यात ही दोन्ही माहिती मावत नाही.

साचलेले बिंदू शोधणे

जुनी यादी हातात असेल तर पहिली तपासणी स्कोअरकडे न बघताच करता येते. सेवेला घर सापडले नाही की ती रस्त्याचा, वस्तीचा किंवा पोस्टल कोडचा मध्यबिंदू देते, आणि त्यामुळे एकमेकांशी संबंध नसलेले अनेक पत्ते हुबेहूब एकाच अक्षांश-रेखांशावर साचतात. पोस्टग्रेसमध्ये ते असे शोधता येतात:

```sql
SELECT ROUND(CAST(lat AS numeric), 5) AS y,
       ROUND(CAST(lon AS numeric), 5) AS x,
       COUNT(DISTINCT input_address) AS n
FROM geocoded
GROUP BY 1, 2
HAVING COUNT(DISTINCT input_address) > 5
ORDER BY n DESC;
```

दशांशानंतर पाच अंक म्हणजे अक्षांशाच्या दिशेने साधारण एक मीटर, त्यामुळे वेगवेगळ्या घरांचे बिंदू योगायोगाने एकत्र येण्याची शक्यता नगण्य असते. मोठ्या इमारतीतील सदनिका मात्र रास्तपणे एकाच बिंदूवर येतात, म्हणून सदनिकेचा क्रमांक वगळून उरलेला पत्ता वेगळा आहे का, ते पाहावे. एका बिंदूवर चाळीस पत्ते आणि त्यांत तीन निरनिराळे रस्ते असे दिसले, तर तो वस्तीचा किंवा पोस्टल कोडचा मध्य आहे यात शंका ठेवायचे कारण नाही. ही तपासणी ढोबळ उत्तरे लगेच उघडी पाडते. उत्तमपूरसारखी चूक मात्र तिच्यात सापडत नाही, कारण तो बिंदू एकटाच, एका खऱ्या घरावर असतो.

घटकाघटकाने तुलना

ओळखीची चूक पकडायची असेल तर सेवेने परत दिलेला पत्ता आपल्या मूळ पत्त्याशी घटकाघटकाने ताडून पाहावा लागतो. त्यासाठी मूळ पत्ता आधी घटकांत फोडलेला हवा. तो एकाच ओळीत असेल तर लिबपोस्टलसारखे पार्सर हे काम करतात, जरी त्यांच्याही चुका होतात. तुलना करताना प्रत्येक घटकाची अवस्था तीनपैकी एक धरावी: जुळला, उत्तरात आलाच नाही, किंवा उत्तरात वेगळाच आला. यांतील शेवटच्या दोन अवस्थांमधला भेद सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि एकत्रित स्कोअरमध्ये नेमका तोच पुसला जातो.

घर क्रमांक उत्तरात आलाच नाही, तर आपण नेमकेपणा गमावला. बिंदू रस्त्यावर कुठेतरी आहे एवढे तरी खरे असते. गाव किंवा पोस्टल कोड वेगळा आला, तर मात्र आपण कदाचित पत्ताच गमावला आहे. पहिल्या अवस्थेतले उत्तर ढोबळ म्हणून ठेवता येते. दुसऱ्या अवस्थेतले उत्तर आणखी तपासल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये, मग त्याचा स्कोअर कितीही असो.

पोस्टल कोडची तुलना अक्षरांच्या जवळिकीवर कधीही करू नये. ४१२०७ आणि ४१२७० यांत पाचही अंक तेच आहेत, पण कोड हा एकतर तोच असतो किंवा दुसरा असतो. गावाच्या नावाला मात्र सूट द्यावी लागते, कारण एकाच गावाचे जुने नाव, नवे नाव, टपाल खात्यातले नाव आणि प्रशासकीय नाव वेगळे असू शकते आणि लिप्यंतरात आणखी भर पडते. सूट किती द्यायची हे अक्षरांवरून ठरवण्यापेक्षा भूगोलावरून ठरवणे अधिक सुरक्षित आहे: ज्या पोस्टल कोडने किंवा गावाने पत्ता लिहिला आहे त्याच्या सीमेच्या बहुभुजात बिंदू पडतो का, हे पाहावे आणि सीमेबाहेर थोडी पट्टी सोडावी. काही देशांत पोस्टल कोड हे मुळात क्षेत्र नसून टपाल वाटपाचे मार्ग असतात आणि त्यांचे बहुभुज अंदाजानेच आखलेले असतात, म्हणून ही पट्टी अगदी अरुंद ठेवून चालत नाही. आपल्या उदाहरणात बिंदू सीमेपासून कित्येक किलोमीटर बाहेर पडतो, त्यामुळे पट्टी एक किलोमीटरची असली तरी चूक पकडली जाते.

अर्थात मूळ पत्त्यातला पोस्टल कोडच चुकीचा लिहिलेला असू शकतो आणि सेवेने तो योग्य रीतीने सुधारलेला असू शकतो. तसे असेल तर घर क्रमांक, रस्ता आणि गाव हे तिन्ही जुळून केवळ कोड वेगळा येतो. गाव आणि कोड दोन्ही एकदम बदलले असतील, तर ती सुधारणा मानण्यापेक्षा स्थलांतर मानणे शहाणपणाचे.

घर क्रमांकात आणखी एक सापळा आहे. "सदनिका १२, ४८ स्टेशन रोड" या पत्त्यात काही पार्सर १२ हाच घर क्रमांक समजतात, आणि त्या रस्त्यावर १२ क्रमांकाचे घर खरोखर असते, त्यामुळे उत्तर घराच्या पातळीचे, उत्तम स्कोअरचे आणि चुकीचे येते. म्हणून सदनिका, मजला आणि खोली यांचे आकडे सेवेकडे पाठवण्याआधीच वेगळे काढून ठेवावेत. उलट "शाळेच्या मागे", "पुलासमोर" असे खुणेचे शब्द बिंदू बिघडवतातच असे नाही, पण न जुळलेला मजकूर म्हणून ते स्कोअर खाली ओढतात, आणि एरवी बरोबर असलेले पत्ते तपासणीच्या ढिगात जातात. ते शब्द काढून तोच पत्ता पुन्हा पाठवला, की स्कोअर घसरण्याचे कारण ते शब्दच होते का, हे लगेच दिसते.

अंदाजाने मांडलेले घर

ओळख पटली तरी बिंदूचा नेमकेपणा उरतोच, आणि तेथे सर्वांत फसवी पातळी म्हणजे इंटरपोलेशनची. सेवेकडे प्रत्येक घराचा बिंदू नसतो, पण रस्त्याच्या एका बाजूला २ ते ९८ असे सम क्रमांक आहेत एवढे माहीत असते. मग ती ४८ क्रमांक प्रमाणात मांडते: (४८ − २) ÷ (९८ − २) म्हणजे ०.४७९, आणि रस्ता ८०० मीटरचा असेल तर बिंदू सुरुवातीपासून ३८३ मीटरवर पडतो. यात क्रमांक सारख्या अंतराने पसरले आहेत असे गृहीत धरलेले आहे. सुरुवातीला मोठे भूखंड आणि शेवटी लहान घरांची दाटी असेल, तर खरे ४८ क्रमांकाचे घर ६२० मीटरवर असू शकते, आणि मग चूक २३७ मीटरची होते.

असे उत्तर नकाशावर घराच्या उत्तरासारखेच दिसते, त्यात घर क्रमांकही लिहिलेला असतो, आणि घटकांची तुलना केली तर सगळे जुळते. फरक सांगते ती केवळ पातळीची खूण, म्हणून ती खूण जतन न करता फक्त अक्षांश-रेखांश आणि स्कोअर साठवणे ही पुढच्या तक्रारींची सुरुवात असते. येथे गूगलच्या `viewport` वरून चूक किती असेल याचा अंदाज काढण्याचा मोहही टाळावा, कारण ती चौकट नकाशा किती जवळून दाखवावा यासाठी आहे. बिंदू किती चुकला असेल हे ती सांगत नाही.

दुसऱ्या क्रमांकाचे उत्तर

बहुतेक कोड सेवेकडून एकच उत्तर मागतो किंवा अनेक आली तरी पहिले घेऊन बाकीची टाकून देतो. किमान पाच उत्तरे मागवून पहिल्या आणि दुसऱ्या उत्तराच्या स्कोअरमधला फरक व त्यांच्यातील जमिनीवरचे अंतर, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या तर संदिग्ध पत्ते आपोआप वेगळे होतात. स्कोअर जवळजवळ सारखे आणि अंतर ३० मीटर असेल, तर दोन्ही एकाच इमारतीच्या नोंदी असण्याची शक्यता अधिक आणि त्यात कोणतीही निवडली तरी बिघडत नाही. स्कोअर सारखे आणि अंतर १८ किलोमीटर असेल, तर सेवेने निवड केलेली नसून ती जवळपास नाणे उडवून घेतलेली आहे.

आपल्या उदाहरणात फरक ०.०७ होता. तो लहान की मोठा, हे आधी सांगता येत नाही. त्या सेवेवर, आपल्याच पत्त्यांवर तो मोजावा लागतो.

कित्येक जण या टप्प्यावर दुसरी सेवा जोडतात आणि दोघींची उत्तरे जवळ आली की पत्ता पक्का मानतात. कल्पना चांगली आहे, पण दोन्ही सेवा एकाच संदर्भ डेटावर उभ्या नाहीत ना, हे पाहिले पाहिजे. नॉमिनॅटिम ओपनस्ट्रीटमॅपवर चालते आणि पेलियसही इतर स्रोतांबरोबर तोच डेटा वापरतो. मूळ नोंदच चुकीच्या जागी असेल तर दोघींचे एकमत त्याच चुकीवर होईल. दोघींची उत्तरे दूर पडली, तर मात्र निदान एक तरी चुकीचे आहे हे निश्चित कळते, म्हणून मतभेदाची माहिती एकमतापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

कटऑफ मोजून ठरवणे

आधी किती मीटरची चूक चालेल, हे कामावरून ठरवावे. दारापर्यंत पोहोचवायचे असेल तर ५० मीटर, शाखेची हद्द ठरवायची असेल तर ५०० मीटर किंवा त्याहूनही अधिक, असे आकडे धरता येतात; हद्दीच्या रेषेजवळचे पत्ते मात्र वेगळे हाताळावे लागतात. ही मर्यादा ठरल्याशिवाय "बरोबर" या शब्दालाच अर्थ राहत नाही, आणि दोन विभाग एकाच यादीवर भांडत बसतात, कारण दोघांच्या मनातली मर्यादा वेगळी असते.

मग उत्तरे गटांत विभागावीत. गट स्कोअरच्या पट्ट्यांचे न करता पातळी आणि घटकांची अवस्था यांचे करावेत: घराची पातळी व सगळे घटक जुळलेले, घराची पातळी पण गाव किंवा कोड वेगळा, इंटरपोलेशन, रस्ता, आणि त्याहून ढोबळ. प्रत्येक गटात स्कोअरचे दोन-तीन पट्टे केले तरी पुरे. प्रत्येक गटातून यादृच्छिक नमुना घ्यावा आणि खरे ठिकाण स्वतंत्र मार्गाने शोधावे. हा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष पोहोचवणाऱ्याने दारात नोंदवलेले जीपीएस, भूखंडांची नोंदवही, किंवा घर क्रमांक वाचता येईल असे रस्त्यावरचे छायाचित्र. ज्या सेवेची परीक्षा चालली आहे तिच्याच नकाशावर तो पत्ता शोधून "बरोबर आहे" असे लिहिणे ही परीक्षा नव्हे, पण घाईत बहुतेक वेळा तेच घडते.

नमुना किती मोठा हवा, याला एक सोपा नियम आहे. तपासलेल्या n पत्त्यांत एकही चूक सापडली नाही, तर खऱ्या चुकीच्या प्रमाणाची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा साधारण ३ ÷ n असते. ६० पत्ते तपासून शून्य चुका मिळाल्या तर मर्यादा ५ टक्के. ३०० तपासले तर १ टक्का. वीस पत्ते चाळून "सगळे बरोबर आहेत" असे म्हणणाऱ्याने खरे तर एवढेच दाखवलेले असते की चुका १५ टक्क्यांपेक्षा जास्त असण्याची शक्यता कमी आहे.

समजा, घराची पातळी आणि सगळे घटक जुळलेल्या गटात ३०० तपासले आणि एकही चूक निघाली नाही, तर एक टक्क्याची जोखीम परवडत असल्यास हा गट स्कोअर न बघता स्वीकारता येतो. गाव किंवा कोड वेगळा आलेल्या गटात ४० तपासले आणि निम्मे चुकीचे निघाले, तर तेथे आणखी तपासत बसण्यात अर्थ नाही. तो गट सरळ माणसाकडे जावा. उरलेल्या गटांमध्येच स्कोअर काही फरक करतो का, हे पाहावे. वरच्या पट्ट्यात आणि खालच्या पट्ट्यात चुकांचे प्रमाण सारखेच निघाले, तर त्या गटापुरता स्कोअर निरुपयोगी आहे असे मानून तो सोडून द्यावा. माझे मत असे की गट नीट पाडले की स्कोअरला करण्यासारखे काम फार थोडे उरते, आणि जे उरते ते मुख्यतः उत्तरांची आपापसात तुलना करण्याचे असते.

निर्णयाचा क्रम

वरच्या सगळ्या तपासण्या कोडमध्ये बसवताना त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. ओळखीचे प्रश्न आधी आणि नेमकेपणाचा प्रश्न नंतर यावा, कारण चुकीच्या गावातला नेमका बिंदू कोणत्याच कामाचा नसतो.

```python
def decide(r, tol_m, min_gap):
    if r.place_conflict or not r.inside_area:
        return "review"
    if r.score_gap < min_gap and r.rival_dist_m > tol_m:
        return "review"
    if r.error_m > tol_m:
        return "coarse"
    return "accept"
```

येथे `place_conflict` म्हणजे गाव आणि कोड दोन्ही वेगळे आले. एकटा कोड वेगळा आला असेल तर निकाल `inside_area` म्हणजे बहुभुजाची तपासणी देते. त्यासाठी बहुभुज गावाचा वापरावा, कारण शंका ज्या कोडवर आहे त्याच्याच सीमेने निवाडा करता येणार नाही. `score_gap` आणि `rival_dist_m` म्हणजे दुसऱ्या उत्तराशी असलेला स्कोअरचा फरक आणि जमिनीवरचे अंतर, आणि `tol_m` म्हणजे कामाला चालणारी चूक. `error_m` हा त्या पातळीच्या नमुन्यात आढळलेल्या अंतरांचा वरचा भाग आहे, उदाहरणार्थ ९५ टक्के पत्ते ज्याच्या आत पडले ते अंतर. सेवेने दिलेली चौकट त्या जागी वापरू नये. `coarse` ही अवस्था नकाराची नाही. असे पत्ते ढोबळ म्हणून साठवावेत आणि ५०० मीटर चालणाऱ्या कामाला ते द्यावेत, ५० मीटरवाल्याला देऊ नयेत.

उत्तरपूरचा पत्ता यातून गेला तर पहिले उत्तर पहिल्याच अटीवर अडते. अडलेल्या पत्त्यासाठी दुसरे उत्तर तपासायचे असा नियम ठेवला, तर ते ओळखीच्या अटींतून पार होते. ज्याच्याशी तुलना करायची ते पहिले उत्तर आधीच बाद झालेले असल्याने फरकाची अट त्याला लागू होत नाही. ५० मीटरच्या कामासाठी त्यावर `coarse` अशी खूण पडते आणि ५०० मीटरच्या कामासाठी, नमुन्यात रस्त्याच्या पातळीचे अंतर त्याच्या आत निघाले असल्यास, ते स्वीकारले जाते. अडलेल्या उत्तरानंतर थेट तपासणीकडे न वळता पुढची उत्तरे बघणे, एवढ्याच बदलाने हाताने तपासायचा ढीग लक्षणीय उतरतो.

दुरुस्ती टिकत नसेल तर

हे सगळे बसवल्यानंतर काही महिन्यांनी तक्रारी पुन्हा सुरू झाल्या, तर संशय आधी सेवेतील बदलावर घ्यावा. सेवा आपला संदर्भ डेटा आणि जुळवणीची पद्धत वेळोवेळी बदलतात, आणि काल ०.८६ मिळालेल्या पत्त्याला आज ०.९१ मिळू शकतात, कधी तर त्या रस्त्यावरची घरे नव्याने नोंदली गेल्यामुळे पातळीच बदलते. यासाठी खरे ठिकाण माहीत असलेले काही शे पत्ते नियंत्रण संच म्हणून बाजूला काढून ठेवावेत, त्यांत उत्तरपूर-उत्तमपूरसारख्या जोड्या मुद्दाम घ्याव्यात, आणि तोच संच दर महिन्याला पुन्हा चालवावा. प्रत्येक गटातील चुकांचे प्रमाण, पातळी बदललेल्या पत्त्यांची संख्या आणि बिंदू मर्यादेपेक्षा जास्त सरकलेल्या पत्त्यांची यादी, एवढे तीन आकडे आधीच्या महिन्याशी ताडले की बदल कुठे झाला ते दिसते.

त्याच कारणाने उत्तराबरोबर ते कोणत्या तारखेला, कोणत्या सेवेकडून व कोणत्या आवृत्तीतून आले, कोणत्या पातळीचे होते आणि कोणते घटक जुळले नव्हते, हेही साठवावे. मात्र सेवेच्या अटी आधी वाचाव्यात, कारण काही सेवा अक्षांश-रेखांश किती काळ जवळ ठेवता येतील यावर मर्यादा घालतात. तसे असेल तर आपण स्वतः तपासून ठरवलेली खरी ठिकाणे आणि सेवेची उत्तरे वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवणे सोयीचे पडते, म्हणजे उत्तरे पुसावी लागली तरी नियंत्रण संच शाबूत राहतो.